स्वेडच्या बुटाला चिखल लागला, तर आधी थांबा

1941 साली नेथन क्लार्क हा ब्रिटिश लष्करातला अधिकारी ब्रह्मदेशात नेमणुकीवर होता. तो इंग्लंडमधल्या बूट बनवणाऱ्या क्लार्क घराण्यातला. तिथे त्याला इजिप्तच्या आघाडीवरून आलेले काही अधिकारी भेटले. त्यांच्या पायांत कैरोच्या बाजारात शिवून घेतलेले, घोट्यापर्यंतचे, मऊ चामड्याचे आणि क्रेप रबराच्या तळव्याचे साधे बूट होते. क्लार्कने त्यांची रेखाटने करून घरी पाठवली. 1949 मध्ये शिकागोच्या पादत्राणांच्या प्रदर्शनात तो बूट ‘डेझर्ट बूट’ म्हणून लोकांसमोर आला आणि पुढच्या वर्षी दुकानांत पोहोचला. वाळूच्या रंगाचा, दोन भोकांच्या जोड्यांत नाडी ओवायचा, स्वेडचा तो बूट आज पुण्या-मुंबईच्या कोणत्याही मोठ्या दुकानात निरनिराळ्या कंपन्यांच्या छापाने मिळतो.

कोरड्या वाळवंटात चालण्यासाठी जी वस्तू घडली, ती आपल्याकडे जूनच्या पहिल्या सरीत सापडते आणि मग घरोघरी एकच प्रकार होतो. बूट मोरीत जातो, ओले फडके फिरते, कुणी भांड्यांचा साबण लावतो, कुणी बूट कडक उन्हात गच्चीवर उलटा ठेवतो. दोन दिवसांनी बूट स्वच्छ झालेला असतो खरा, पण पुठ्ठ्यासारखा ताठ, कुठे काळपट, कुठे फिका, आणि नाकावर नकाशात काढावी तशी एक गडद रेघ. चिखलाने बूट एवढा खराब झाला नव्हता. तो धुण्याने झाला.

असे का होते ते समजायला स्वेड म्हणजे चामड्याची कोणती बाजू हे पाहावे लागते. जनावराच्या कातडीची वरची, केसांकडची बाजू घट्ट विणीची असते; नेहमीचे गुळगुळीत, पॉलिश घेणारे बूट त्या बाजूचे. स्वेड आतल्या, मांसाकडच्या बाजूचे. जाड कातडी यंत्रावर आडवी चिरून दोन थर केले की खालचा थर स्वेडसाठी वापरता येतो. शेळी-मेंढीची पातळ कातडी असेल तर तिचीच आतली बाजू घासून तिच्यावर लव उठवतात. ही लव म्हणजे कातडीतले तंतू. वरचा घट्ट थर नाही आणि पॉलिशचे कवचही नाही, त्यामुळे दोन तंतूंमधल्या बारीक फटींतून पाणी लगेच आत ओढले जाते. गुळगुळीत बुटावर पडलेला थेंब पुसून टाकता येतो. स्वेडवर पडलेला थेंब पुसायला जाईपर्यंत आत गेलेला असतो.

म्हणूनच चिखल आणि पाण्याचा डाग हे दोन वेगळे आजार आहेत. त्यांचे उपचार एकमेकांच्या जवळजवळ उलट आहेत, आणि दोन्हींवर एकच फडके फिरवले जाते तिथे घोटाळा होतो.

आधी चिखल. महाराष्ट्रात चिखलाच्या जाती निदान दोन, आणि बुटाच्या दृष्टीने त्यांच्यात बराच फरक आहे. मराठवाड्या-विदर्भाची काळी माती ओली असताना घोरपडीसारखी चिकटते, पाऊल उचलले की अर्धा शेर माती बरोबर येते. पण तिच्यातली चिकणमाती पाण्याने फुगते आणि वाळताना आकसते. उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात त्या याच गुणामुळे. बुटावरही ती वाळताना आकसते, तडकते आणि तिच्या पापड्या आपल्या आपण सुटू लागतात. दिसायला भयंकर असलेला हा चिखल काढायला त्यामानाने सोपा. कोकणातली, माथेरान-महाबळेश्वरची जांभ्याची तांबडी माती उलट्या स्वभावाची. ती फारशी फुगत नाही, आकसत नाही, पापड्याही धरत नाही. वाळली की तिची मऊ भुकटी होते आणि तिच्यातला लोहाचा लाल रंग तंतूंना धरून राहतो. माथेरानला मोटारी नाहीत, सगळे चालणे तांबड्या रस्त्यांवरून, त्यामुळे तिथून परतलेला फिक्या रंगाचा स्वेड बूट हे या विषयातले अवघड उदाहरण. तेच घेऊ.

समजा, ऑक्टोबरच्या सुरुवातीला पाऊस पुरता ओसरलेला नसताना कुणी वाळूच्या रंगाचा डेझर्ट बूट घालून माथेरानला गेले आणि रात्री घरी आले. नाकावर आणि बाहेरच्या कडेला ओला लाल चिखल, टाचेवर शिंतोडे, आणि डाव्या बुटाच्या वरच्या भागावर डबक्यातले पाणी उडाल्याची गडद खूण.

त्या रात्री करायचे काम फार थोडे आहे. चिखलाचा जाड गोळा असेल तेवढा चमच्याच्या मागच्या टोकाने किंवा जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने आडवा धरून अलगद उचलायचा; दाबायचा नाही, ओढायचा नाही. मातीचा पातळ थर तसाच राहू द्यायचा. हा मोह आवरणे सगळ्यांत कठीण जाते. चिकणमातीचे कण मिलिमीटरच्या पाचशेव्या भागापेक्षाही बारीक असतात. ओल्या फडक्याने घासले की ते पाण्याबरोबर तंतूंच्या मुळाशी जाऊन बसतात, आणि तिथवर कोणताच ब्रश पोहोचत नाही. तोच कण वाळला की लवेच्या टोकांवर नुसता अडकलेला असतो.

नाड्या काढायच्या, आतला सुटा तळवा बाहेर काढायचा, आणि बुटात कोऱ्या कागदाचे बोळे नाकापर्यंत भरायचे. वर्तमानपत्र चालते, पण त्याची शाई फिक्या अस्तराला लागू शकते, म्हणून निदान बाहेरचा थर टिश्यू किंवा कोऱ्या कागदाचा असावा. कागद दोन कामे करतो: आतली ओल शोषतो आणि ओल्या चामड्याचा आकार धरून ठेवतो. पहिले बोळे तास-दोन तासांत दमट होतात. ते बदलून झोपायला जावे.

बूट पंख्याच्या वाऱ्यावर, सावलीत ठेवावा. ऊन, हेअर ड्रायर, फ्रिजच्या मागची गरम हवा हे सगळे वर्ज्य. कमावताना चामड्यात तेल मुरवलेले असते, ते तंतूंना एकमेकांपासून मोकळे ठेवते. ओले चामडे झपाट्याने तापवून वाळवले तर तंतू एकमेकांना चिकटतात आणि बूट ताठ होतो. पुण्यात ऑक्टोबरमध्ये एक दिवस पुरतो. मुंबईत किंवा रत्नागिरीत भर जुलैमध्ये दोन-तीन दिवसही लागतात. वाळला की नाही ते वरून कळत नाही. हाताची मागची बाजू बुटाच्या आत, नाकाकडच्या अस्तराला लावून पाहावी. गार लागले तर आत अजून ओल आहे, कारण पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जाते. घाई केलीच तर लाल भुकटीचा पुन्हा लगदा होतो.

आता ब्रश. स्वेडचे म्हणून जे ब्रश मिळतात त्यांत तीन प्रकार ओळखू येतात: नायलॉनच्या केसांचा, मधोमध पितळी तारा असलेला, आणि क्रेप रबराच्या पिवळट पट्ट्यांचा. पहिला बहुतेक कामांना पुरतो. तो नसेल तर नवा, कोरडा, मऊ केसांचा टूथब्रश घ्यावा. वापरलेल्या टूथब्रशच्या मुळाशी पेस्ट राहिलेली असते, ती बुटावर पांढरे ठिपके सोडते.

बाल्कनीत कागद पसरून दोन्ही बुटांचे तळवे एकमेकांवर आपटायचे. सुटेल तेवढी माती इथेच झडते. मग ब्रश डागाच्या मधून कडेकडे, एकाच दिशेने, छोट्या फटकाऱ्यांनी चालवायचा. दर चार-पाच फटकाऱ्यांनंतर ब्रश कागदावर झटकायचा, नाहीतर काढलेलीच माती पुन्हा लावली जाते. जवळून पाहिले तर काम कसे चालले आहे ते दिसते: सुरुवातीला ब्रशाखालून लाल धूर निघतो, लव आडवी पडलेली आणि मातकट असते, थोड्या वेळाने धूर विरळ होतो आणि लवेची टोके एकेक करून उभी राहू लागतात. धूर निघायचा थांबला की दिशा बदलायची, मग उलटसुलट घासायचे. शिवणीत आणि चामडे तळव्याला मिळते त्या खाचेत माती दडून बसते. तिथे टूथब्रश उभा धरून टाक्यांच्या दिशेने चालवावा. ब्रशाचे छोटे तोंड लावून व्हॅक्युम क्लीनर फिरवला तर उरलेली भुकटी हवेत न उडता निघून जाते.

पितळी तारांचा ब्रश हातात आला की जोर लावावासा वाटतो. तो फक्त लव चपटी होऊन चकाकायला लागली असेल तिथे, हलक्या हाताने वापरावा. नुबक म्हणून जे चामडे विकले जाते ते वरच्या बाजूवर लव उठवलेले असते, तिची लव फार आखूड. त्यावर पितळ नकोच.

ब्रशाने न गेलेला डाग खोडरबराने काढायचा. शाळेच्या दप्तरातले पांढरे मऊ खोडरबर चालते. लाल-निळे, खरखरीत शाई खोडायचे मात्र नको, ते रंगही सोडते आणि लवही उपटते. डागावर छोट्या फेऱ्या मारायच्या, रबराचा चुरा ब्रशाने झाडायचा, पुन्हा मारायच्या. काळ्या मातीचा डाग बहुधा इथे संपतो. माथेरानच्या बुटावर मात्र नाकावर फिकट गुलाबी छटा उरलेली असू शकते.

तिच्यासाठी पांढऱ्या व्हिनेगरचा उपाय सर्रास सांगितला जातो. व्हिनेगरने मिठाची पांढरी रेघ विरघळते, मातीतले क्षारही काही प्रमाणात सुटतात. पण लोहाच्या तांबड्या रंगावर एवढ्या सौम्य आम्लाचा फारसा परिणाम होत नाही. गंज काढायची तीव्र औषधे तो रंग काढतील, पण त्यांच्याबरोबर चामड्याचा रंगही काढतील. म्हणून व्हिनेगरचा एक प्रयत्न जरूर करावा: पांढऱ्या सुती कापडाचे टोक ओले करून पिळून घ्यायचे, डागावर टेकवायचे, उचलायचे, वाळू द्यायचे, ब्रश मारायचा. फरक पडला नाही तर तिथेच थांबावे. फिक्या स्वेडमध्ये मुरलेली तांबडी छटा पूर्ण जात नाही, आणि ती घालवण्याच्या हट्टापायी बुटाला टक्कल पडलेले दिसते.

चिखल गेला. आता डाव्या बुटावरची ती गडद रेघ.

पाण्याच्या डागात पाणी नसते. ते केव्हाच उडून गेलेले असते. उरते ते त्याने वाहून आणलेले सामान: चामड्यातला सुटा रंग, थोडे तेल, धूळ, डबक्यातले क्षार. हे सामान डागाच्या मध्यभागी न राहता कडेला का साठते याचे उत्तर शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी 1997 मध्ये ‘नेचर’मध्ये दिले, आणि तेही सांडलेल्या कॉफीच्या थेंबावरून. थेंबाची कड पृष्ठभागाला धरून राहते, कडेचे पाणी सतत उडत राहते, त्याची जागा भरायला आतले पाणी कडेकडे वाहते आणि जाताना कण बरोबर नेते. शेवटी सगळे कण एका वर्तुळात जमतात. टेबलावरच्या कॉफीच्या थेंबाला जे लागू ते थोड्या फरकाने स्वेडलाही: ओल्या आणि कोरड्या भागाची सीमा जिथे थांबली, तिथे रेघ उमटली.

यातूनच उपाय निघतो. ओल्या-कोरड्याची सीमा चामड्याच्या मधोमध राहिलीच नाही, तर रेघेला जागा उरत नाही. म्हणून जो बूट पाण्यापासून वाचवायचा, त्याच्यावर मुद्दाम पाणी मारायचे. मात्र भिजवायचे नाही, दमट करायचे.

त्याआधी एक चाचणी. नाडीखाली झाकली जाणारी जीभ असते, तिच्या कोपऱ्यावर ओले करून पिळलेले पांढरे कापड दहा सेकंद दाबून धरावे. कापडाला किंचित रंग लागला तर हरकत नाही. ठळक ठसा उमटला तर रंग कच्चा आहे. अशा बुटाला घरी पाणी लावू नये, चामडे साफ करणाऱ्या जाणकाराकडे द्यावा. काळे, गडद निळे आणि लाल स्वेड या बाबतीत जास्त दगा देतात.

पाणी कोणते हेही पाहावे. बोअरचे किंवा टँकरचे जड पाणी वाळले की स्वतःचेच क्षार मागे ठेवते. आरओचे पाणी किंवा मोटारीच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी बरे. ते बारीक फवारा उडवणाऱ्या बाटलीत भरायचे. केसांवर पाणी मारायला न्हाव्याकडे असते तशी बाटली चालते, पण आधी हवेत दोन-तीनदा दाबून पाहावी. धुके पडायला हवे, थेंब नको.

बूट चामड्याच्या तीन-चार तुकड्यांचा शिवलेला असतो. डाग ज्या तुकड्यावर असेल तो संपूर्ण तुकडा, एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत, एकसारखा दमट करायचा. बाटली वीतभर लांब धरून हात फिरता ठेवायचा. जुन्या रेघेवर जास्त पाणी मारू नये. उलट तिच्या आजूबाजूला हात थोडा जास्त फिरवावा. सगळा तुकडा एकाच गडद रंगाचा दिसला की थांबायचे. एका बुटाच्या पुढच्या भागाला दोन-तीन चहाचे चमचे पाणी साधारण पुरते. बोटाने दाबल्यावर पाणी वर आले तर ते जास्त झाले. कोरड्या टॉवेलने टेकवून टेकवून ते टिपून घ्यावे. चामडे दमट असतानाच जुन्या रेघेवर नायलॉनचा ब्रश अगदी हलका फिरवला तर साठलेला रंग सैल होऊन पसरतो. आणि डाग डाव्या बुटावर असला तरी उजव्या बुटाचा तोच तुकडाही दमट करावा, नाहीतर वाळल्यावर दोन पायांत दोन छटा दिसतात.

मग पुन्हा तेच: कागदाचे बोळे, सावली, पंखा, धीर. पूर्ण वाळल्यावर बूट किंचित ताठ वाटेल. हाताने वाकवून मोकळा करायचा आणि सगळीकडून ब्रश मारायचा. रेघ फिकी झाली पण गेली नाही, तर एकदा पुन्हा करता येते. दोनदा करूनही राहिली तर ती बहुधा क्षारांची आहे, आणि तिथे व्हिनेगर खरोखर कामाला येतो: समभाग पाण्यात मिसळून, वर सांगितल्याप्रमाणे टेकवून. न्यू जर्सी किंवा टोरांटोला राहणाऱ्या मराठी मंडळींना हिवाळ्यात हाच उपाय लागतो, कारण तिथे बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात आणि बुटांवर पांढऱ्या लाटा उमटतात.

लव कुठे दबून गुळगुळीत झाली असेल, तर चहाच्या किटलीच्या वाफेसमोर तो भाग वीतभर अंतरावर दोन-तीन सेकंद धरून लगेच ब्रश मारावा. जास्त वेळ धरला तर चामडे आक्रसते आणि शेजारचा डिंक सुटतो. वाफेत आपलेही बोट असते, ते चटका देऊन वेळेचे भान ठेवते.

काही गोष्टी घरातल्या म्हणून सहज वापरल्या जातात आणि नंतर महागात पडतात. बाळांचे ओले वाइप्स डाग पुसतात, पण त्यातले तेलकट द्रव्य लवेवर राहते आणि त्यावर पुढची धूळ बसते. टाल्कम पावडर तेलाच्या ताज्या डागावर उत्तम. ओल्या चिखलावर टाकली तर तिचे पीठ भिजवल्यासारखे होते. आणि रेल्वे स्टेशनवर पॉलिशवाल्यासमोरच्या पेटीवर स्वेडचा पाय ठेवायचाच असेल, तर आधीच स्पष्ट सांगावे की कोरडा ब्रश मारायचा, डबी उघडायची नाही. मेणाचे पॉलिश एकदा लवेत गेले की ते काढायचा घरगुती मार्ग नाही.

हे सगळे अर्थात बूट खऱ्या स्वेडचा असेल तर. बाजारात स्वेड म्हणून दिसणारे पुष्कळ बूट कृत्रिम तंतूंचे असतात. युरोपात विकायच्या बुटांवर 1994 च्या एका निर्देशानुसार चिन्हे छापावी लागतात, आणि भारतात मिळणाऱ्या अनेक बुटांवरही ती आढळतात: पसरलेल्या कातडीची आकृती म्हणजे चामडे, जाळीदार चौकोन म्हणजे कापड, कोरा हिरा म्हणजे इतर पदार्थ. वरच्या भागासमोर हिरा असेल तर बूट कृत्रिम. त्याला ओले फडके आणि थोडा साबण चालतो, तो फक्त कडक गरम पाण्यात टाकू नये.

बूट स्वच्छ आणि कोरडा झाल्यावर पाणीरोधक फवारा मारता येतो. मळक्या बुटावर मारला तर मळ आतच राहतो, म्हणून क्रम चुकवू नये. वीतभर अंतरावरून दोन पातळ हात, मध्ये वाळायला वेळ, आणि घालण्याआधी एक रात्र. फवारा गच्चीवर किंवा उघड्या बाल्कनीत, वाऱ्याकडे पाठ करून मारावा. बंद खोलीत त्याचे सूक्ष्म कण श्वासात गेल्याने फुप्फुसांना इजा झाल्याच्या घटना अनेक देशांत नोंदल्या गेल्या आहेत. फवाऱ्यामुळे पाण्याचे थेंब काही काळ मोती होऊन ओघळतात, पण डबक्यात बुडालेला पाय तो वाचवत नाही, आणि पाच-सहा आठवड्यांच्या वापरानंतर, किंवा थेंब ओघळायचे थांबून चामडे गडद व्हायला लागले की, तो पुन्हा मारावा लागतो.